हृदयाच्या आकृतीचा फोटो कसा वाचायचा आणि कसा समजावून सांगायचा

सहामाही जवळ आली की आमच्या पंचवटीतल्या शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हृदयाच्या आकृतीचे फोटो यायला लागतात. कुणी पुस्तकाच्या पानाचा पाठवतं, कुणी वहीचा, कुणी शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्याचा. पाठवणारे बरेचदा पालक असतात. सिन्नर, दिंडोरी, निफाडकडची एखादी आई रात्री जेवणं आटोपल्यावर आठवीतल्या मुलाला घेऊन बसते, पुस्तक उघडते आणि पहिल्याच नावाशी अडते: "सर, उजवं अलिंद असं लिहिलंय, पण ते तर डावीकडे दाखवलंय. पुस्तकात चूक आहे का?"

पुस्तकात चूक नाही. पण या प्रश्नाचं उत्तर नीट दिल्याशिवाय पुढचं काहीही समजावू नये, कारण पुढची सगळी आकृती त्यावर उभी आहे. फळ्यावर शिकवताना हात फिरवून दाखवता येतं. फोटोवरून सांगताना समोरच्याचं बोट आपल्या शब्दांनी चालवावं लागतं. म्हणून मी ज्या क्रमाने सांगतो तोच क्रम इथे देतो आहे.

आधी फोटो तपासा, मग हृदय

फोटो उघडल्यावर पहिल्यांदा आकृतीच्या चारही कडा दिसतात का ते पाहा. जाड पुस्तकाच्या मधल्या घडीत आकृतीची एक बाजू बुडते आणि नेमक्या तिथल्या फुप्फुस शिरा गायब होतात. गुळगुळीत कागदाच्या तक्त्यावर फ्लॅश मारला की मधोमध पांढरा डाग पडतो आणि झडपा दिसेनाशा होतात. असा फोटो असेल तर समजवायला बसू नका, पुन्हा काढायला सांगा: पुस्तक सपाट ठेवायचं, फ्लॅश बंद, दिवसा खिडकीच्या उजेडात, फोन पानाच्या बरोबर वर धरायचा. पान आडवं आलं असेल तर फिरवून घ्या. हृदयाचं निमुळतं टोक खाली आणि मोठ्या रक्तवाहिन्या वर, अशी आकृती सरळ झाली पाहिजे.

झेरॉक्सचा फोटो असेल तर आणखी एक अडचण येते. मूळ आकृतीतला निळा आणि लाल रंग दोन्ही करडे होतात. मग रंगावर विसंबून चालत नाही. खरं तर रंगीत आकृतीतही रंगावर फार विसंबू नयेच; त्याचं कारण पुढे येईल.

डावं कुणाचं, उजवं कुणाचं

आता त्या आईच्या प्रश्नाकडे वळू. आकृतीतलं हृदय आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं आहे. मुलाला समोर उभं करा आणि त्याला उजवा हात वर करायला सांगा. तो हात तुमच्या डावीकडे येईल. आकृतीतली नावं त्या समोरच्या माणसाच्या बाजूंवरून दिलेली असतात, बघणाऱ्याच्या बाजूंवरून नाही. म्हणून पानाच्या डाव्या अर्ध्या भागात हृदयाची उजवी बाजू असते.

हे सांगून झालं की फोनवरच आकृती एडिट करून पानाच्या डाव्या बाजूला मोठा "उ" आणि उजव्या बाजूला मोठा "डा" लिहा. हे अक्षर शेवटपर्यंत फोटोवर राहू द्या. मुलं मधेच पुन्हा स्वतःच्या डाव्या-उजव्यावर घसरतात, तेव्हा ते अक्षर त्यांना परत आणतं.

कप्पे नावांवरून नाही, भिंतींवरून ओळखा

इथे नावं झाकून टाका. कागदाची पट्टी ठेवा किंवा फोटो कापून घ्या, पण मुलाला फक्त आकृती दिसू द्या. चार पोकळ्या दिसतील: वर दोन लहान, खाली दोन मोठ्या. वरची अलिंदं, खालची निलयं. जुन्या पुस्तकांत किंवा आजोबांच्या काळच्या तक्त्यांवर कर्णिका आणि जवनिका अशी नावं असतात, कप्पे तेच.

आता मुलाला विचारा, सगळ्यात जाड भिंत कुठली? चांगल्या आकृतीत उत्तर लगेच मिळतं: पानाच्या उजवीकडे, खालच्या कप्प्याची. ते डावं निलय. प्रौढ माणसात त्याची भिंत साधारण ८ ते १२ मिलिमीटर जाड असते, उजव्या निलयाची ३ ते ५ मिलिमीटर. अलिंदांच्या भिंती याहूनही पातळ.

हा फरक का, यावर थोडा वेळ जरूर घालवा. दोन्ही निलयं दर ठोक्याला जवळपास सारखंच रक्त बाहेर टाकतात, विश्रांतीत असलेल्या प्रौढ माणसात साधारण ७० मिलिलिटर. रक्त सारखं, पण वाट वेगळी. उजव्या निलयाला ते शेजारच्या फुप्फुसांपर्यंत पोचवायचं असतं आणि तिथल्या रक्तवाहिन्यांचा विरोध कमी असतो, त्यामुळे त्याचा दाब पाऱ्याच्या २५ मिलिमीटरच्या आसपास गेला तरी पुरतो. डाव्या निलयाला डोक्यापासून पायाच्या बोटांपर्यंत रक्त ढकलायचं असतं, त्यासाठी दाब १२० च्या आसपास न्यावा लागतो. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजतात त्यातला वरचा आकडा याच ढकलण्यातून येतो. हे एकदा कळलं की "डावं निलय जाड का?" हा प्रश्न पाठ करावा लागत नाही.

दोन बाजूंच्या मध्ये उभा पडदा आहे. त्यात वाट नसते. वहीतल्या आकृत्यांत मुलं घाईघाईत एक बाण या पडद्यातून आरपार काढतात आणि रक्त उजवीकडून थेट डावीकडे पाठवतात. तसा बाण दिसला तर तो खोडण्याआधी मुलालाच विचारा: मग हे रक्त फुप्फुसात कधी गेलं?

रक्तवाहिन्या: आकृतीतली सगळ्यात अवघड जागा

कप्पे सोपे असतात. गोंधळ होतो तो वरच्या नळ्यांच्या गर्दीत, आणि त्याला कारण आहे. खऱ्या हृदयात या वाहिन्या एकमेकींच्या मागून-पुढून जातात आणि आकृती त्यांना एका सपाट पानावर आणते.

पानाच्या डाव्या कडेपासून सुरुवात करा. वरून एक आणि खालून एक जाड वाहिनी एकाच कप्प्यात, उजव्या अलिंदात, उघडते. त्या ऊर्ध्व आणि अधो महाशिरा. डोकं, मान आणि हातांकडचं रक्त वरचीतून येतं, धड आणि पायांकडचं खालचीतून. त्यांच्याबद्दल फारसा गोंधळ होत नाही.

मग महाधमनी शोधा. ती वर चढते, कमान करते आणि पानाच्या उजवीकडे वळून खाली जाते. कमानीच्या माथ्यावरून डोकं आणि हातांकडे जाणाऱ्या तीन फांद्या निघतात. या तीन फांद्या म्हणजे महाधमनीची खात्रीची खूण, कारण आकृतीतल्या दुसऱ्या कुठल्याही वाहिनीला अशा फांद्या नसतात. पण तिचं मूळ बहुतेक आकृत्यांत अर्धवट झाकलेलं असतं, कारण तिच्यासमोरून फुप्फुस धमनी तिरकी वर जाते. त्यामुळे महाधमनी मधूनच कुठूनतरी, कधी कधी तर उजव्या निलयातूनच निघाल्यासारखी दिसते. मुलाला बोट कमानीवर ठेवून उलटं खाली यायला सांगा, फुप्फुस धमनीच्या मागे जायला सांगा. बोट जाड भिंतीच्या कप्प्यात उतरलं पाहिजे.

फुप्फुस धमनी उजव्या निलयातून निघते आणि वर जाऊन दोन बाजूंना फाटते. तिची एक फांदी महाधमनीच्या मागून पानाच्या डावीकडे जाते. म्हणून पानाच्या डाव्या कडेला एक तुटकी नळी कुठून आली हे कळत नाही. ती मागून आलेली असते.

सगळ्यात फसवणाऱ्या आहेत त्या फुप्फुस शिरा. प्रत्येक फुप्फुसातून दोन, अशा सहसा चार. चारही डाव्या अलिंदात उघडतात. पण उजव्या फुप्फुसाकडून येणाऱ्या दोघी उजव्या अलिंदाच्या आणि ऊर्ध्व महाशिरेच्या मागून येतात. आकृतीत त्या पानाच्या डाव्या कडेला, उजव्या अलिंदाला चिकटलेल्या नळ्यांसारख्या दिसतात. हुशार मुलंही इथे सांगतात, "फुप्फुसातलं रक्त उजव्या अलिंदात येतं." त्यांची चूक नाही, आकृती तसंच दाखवते. फोटोवर त्या दोन नळ्यांच्या टोकापासून डाव्या अलिंदापर्यंत तुटक रेषा काढा आणि शेजारी "मागून" असं लिहा. या दोन तुटक रेषांनी जेवढं काम होतं तेवढं पानभर स्पष्टीकरणाने होत नाही, असा माझा अनुभव आहे.

आता रंगांबद्दल. मुलं "निळी म्हणजे शिरा, लाल म्हणजे धमनी" असं पाठ करतात आणि फुप्फुस धमनीपाशी अडकतात, कारण ती निळी रंगवलेली असते. हृदयापासून दूर नेणारी ती धमनी, हृदयाकडे आणणारी ती शिरा. रंग फक्त आतल्या रक्तात ऑक्सिजन जास्त की कमी एवढंच सांगतो. फुप्फुस धमनी हृदयापासून दूर जाते म्हणून धमनी, आणि ती ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेते म्हणून निळी. प्रत्यक्षात रक्त निळं कधीच नसतं, ऑक्सिजन कमी झाला की ते गडद लाल होतं. विश्रांतीत असताना शरीरातून परतणाऱ्या रक्तातही पुष्कळ ऑक्सिजन शिल्लक असतो, म्हणून "अशुद्ध रक्त" हा शब्द मी वापरत नाही. त्या शब्दामुळे मुलांना ते रक्त घाण असल्यासारखं वाटतं.

एका थेंबासोबत चालणं

आता मुलाला एक बोट फोटोवर ठेवायला सांगा आणि रक्ताचा एक थेंब चालवा. प्रत्येक थांब्यावर त्याने तीनच गोष्टी मोठ्याने सांगायच्या: कुठे आहे, पुढचं दार कुठलं, आणि दाराच्या पलीकडे काय.

समजा थेंब पायाकडून आला. तो अधो महाशिरेतून उजव्या अलिंदात येतो. पुढचं दार त्रिदली झडप, पलीकडे उजवं निलय. तिथून फुप्फुस धमनीच्या तोंडाशी अर्धचंद्राकृती झडप, पलीकडे फुप्फुस धमनी. थेंब फुप्फुसात जातो, केशवाहिन्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड देतो, ऑक्सिजन घेतो. फुप्फुस शिरेतून डाव्या अलिंदात परततो. पुढचं दार द्विदली झडप, पलीकडे डावं निलय. मग महाधमनीच्या तोंडाशी दुसरी अर्धचंद्राकृती झडप, पलीकडे महाधमनी, आणि पुन्हा शरीर.

म्हणजे एका पूर्ण फेरीत थेंब हृदयात दोनदा येतो आणि चार झडपा ओलांडतो. मुलाच्या मोजणीत तीन किंवा पाच आल्या तर तो कुठेतरी उडी मारून गेला आहे. बोट पुन्हा पहिल्या जागी ठेवा.

इथे एक गैरसमज हमखास तयार होतो आणि तो आपणच तयार करतो. एकाच थेंबाच्या मागे चाललो की मुलाला वाटतं, आधी उजवी बाजू काम करते, मग डावी. तसं नसतं. दोन्ही अलिंदं जवळपास एकाच वेळी आकुंचन पावतात, मग दोन्ही निलयं एकाच वेळी. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एका ठोक्याला ०.८ सेकंद लागतात: अलिंदांचं आकुंचन साधारण ०.१ सेकंद, निलयांचं ०.३, उरलेला वेळ सगळं सैल. आपला थेंब उजव्या निलयातून बाहेर पडतो त्याच क्षणी डाव्या निलयातून दुसरं रक्त महाधमनीत जात असतं. दोन बोटं घ्या, एक उजव्या निलयावर आणि एक डाव्या, आणि दोन्ही एकदम वर न्या. एवढ्याने मुलाला कळतं.

झडपा उघडतं कोण?

बहुतेक मुलं म्हणतात, "झडप उघडते आणि मग रक्त जातं." झडपेला स्वतःचं बळ नसतं. दोन बाजूंच्या दाबातल्या फरकामुळेच ती उघडते आणि मिटते. अलिंदातला दाब निलयापेक्षा जास्त झाला की त्रिदली आणि द्विदली झडपा खाली उघडतात. निलय आकुंचन पावलं की खालचा दाब वाढतो आणि त्याच झडपा वर ढकलल्या जाऊन मिटतात.

आता फोटो मोठा करून निलयांच्या आत पाहा. या दोन झडपांच्या पाकळ्यांपासून बारीक दोरे निघून भिंतीवरच्या लहान स्नायूंना जोडलेले दिसतात. काही आकृत्यांत ते नुसत्या दोन-चार रेघा असतात आणि मुलं त्यांना सावली समजतात. जोराच्या वाऱ्यात छत्री उलटी होते तशी निलयातल्या दाबाने झडपेची पाकळी अलिंदात उलटू नये, म्हणून हे दोरे तिला धरून ठेवतात. ते झडप ओढून उघडत नाहीत. अर्धचंद्राकृती झडपांना असे दोरे नसतात. त्यांच्या तीन पाकळ्यांमध्ये परत येऊ पाहणारं रक्त भरतं आणि त्या आपोआप मिटतात.

यावरूनच ठोक्याचे दोन आवाज सांगता येतात. पहिला "लब" त्रिदली आणि द्विदली मिटतानाचा, दुसरा "डब" अर्धचंद्राकृती झडपा मिटतानाचा. उघडताना निरोगी झडपेचा आवाज सहसा येत नाही.

बऱ्याच छापील आकृत्यांत चारही झडपा एकाच वेळी उघड्या दाखवतात. निरोगी हृदयात असं कधीच होत नाही. चारही एकदम मिटलेल्या मात्र क्षणभर असतात, निलयं आवळायला लागतात तेव्हा आणि ती सैल होऊ लागतात तेव्हा. आकृती चूक आहे असं मुलाला सांगू नका. सगळी दारं कुठे आहेत ते दिसावं म्हणून ती उघडी काढली आहेत, एवढं सांगा.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

मागे सिन्नरहून एका मुलीच्या वहीचा फोटो आला. पेन्सिलची सुरेख आकृती, नावं सुवाच्य, तरी शाळेत गुण कापले होते. तिची आई म्हणाली, "सर, सगळी नावं पुस्तकाप्रमाणेच आहेत. मी स्वतः पडताळून पाहिलीत."

नावं खरंच पुस्तकाप्रमाणे होती: पानाच्या डावीकडे उजवं अलिंद आणि उजवं निलय, उजवीकडे डावं अलिंद आणि डावं निलय. पण नावं झाकून सगळ्यात जाड भिंत शोधली तर ती पानाच्या डावीकडे होती, म्हणजे जिथे "उजवं निलय" लिहिलं होतं तिथे. महाधमनीची कमान डावीकडे वळत होती. दोन्ही महाशिरा पानाच्या उजवीकडून येत होत्या आणि त्या उघडत होत्या त्या कप्प्यावर लिहिलं होतं "डावं अलिंद". हृदयाचं टोकही डावीकडे कललेलं.

फोटोच उलटा असता तर अक्षरंही आरशात दिसतात तशी उलटी आली असती. अक्षरं सरळ आणि हृदय उलटं, म्हणजे आकृती वहीतच उलटी उतरली होती. मी विचारलं, "ताई, तिने बटर पेपर वापरला का?" वापरला होता. पुस्तकातली आकृती बटर पेपरवर गिरवली, मग पेन्सिलची बाजू वहीवर खाली ठेवून मागून घासली. असं केलं की आकृतीची डावी-उजवी बाजू बदलते. मग तिने नावं मात्र पुस्तकात ज्या बाजूला होती त्या बाजूला लिहिली.

मी तिला नावांची अदलाबदल करू दिली नाही. तसं केलं असतं तर नावं बरोबर बसली असती, पण आकृती नेहमीसारखी समोरून पाहिलेली राहिली नसती आणि तपासणाऱ्याला ती उलटीच दिसली असती. आकृती पुन्हा काढायलाच हवी. बटर पेपरवर गिरवल्यावर तो उलटा करायचा, मागच्या बाजूने त्याच रेषांवर मऊ पेन्सिल फिरवायची, मग तो पुन्हा सरळ करून वहीवर ठेवायचा आणि वरून गिरवायचं. आकृती बरोबर बाजूने उतरते.

नवी आकृती उतरली की नावं लिहिण्याआधी चार गोष्टी बघायच्या: जाड भिंत पानाच्या उजवीकडे, टोक उजवीकडे, कमान उजवीकडे, महाशिरा डावीकडे. चारही जुळल्या की मगच नावांच्या रेषा ओढायच्या. कप्प्याच्या नावाची रेषा पोकळीच्या आत संपवायची, भिंतीवर नाही, आणि झडपेची रेषा थेट पाकळीला टेकवायची. तिच्या पहिल्या आकृतीत "द्विदली झडप" ही रेषा शेजारच्या भिंतीवर टेकली होती. आकृती सरळ असती तरी तो गुण गेलाच असता.